चित्र दिसते, पण टच चालत नाही : वर्गात इंटरॅक्टिव्ह पॅनेल जोडताना या चुका टाळा

पॅनेलवर लॅपटॉपचे चित्र आले की जोडणी पूर्ण झाली, असे समजून शिक्षक तास सुरू करतात, आणि पहिल्याच आकृतीवर बोट ठेवताच अडचण उभी राहते. एचडीएमआय केबल लॅपटॉपकडून पॅनेलकडे केवळ चित्र आणि आवाज नेते. बोट कुठे टेकले हे पॅनेलकडून लॅपटॉपला कळवण्यासाठी वेगळी यूएसबी केबल लागते. तिचे चौकोनी टोक पॅनेलवर TOUCH लिहिलेल्या पोर्टमध्ये आणि चपटे टोक लॅपटॉपमध्ये जाते. बहुतेक पॅनेलांत प्रत्येक एचडीएमआय पोर्टची टच पोर्टशी जोडी ठरलेली असते, त्यामुळे चित्र दुसऱ्या पोर्टवरून आणि टच पहिल्यावरून जोडल्यास दोन्ही केबली घट्ट बसूनही बोटाला प्रतिसाद मिळत नाही. यूएसबी केबल पाच मीटरपेक्षा लांब असेल, तर टच मध्येच तुटू शकतो. तेवढ्या अंतरासाठी अ‍ॅक्टिव्ह यूएसबी एक्स्टेन्शन घ्यावे.

माझ्या पाहण्यातली सर्वांत गोंधळात टाकणारी चूक मात्र केबलची नसते. सातवीच्या भूमितीच्या तासाला शिक्षिका पॅनेलवर त्रिकोणाच्या शिरोबिंदूला हात लावत होत्या आणि कर्सर टेबलावरच्या लॅपटॉपच्या पडद्यावर हलत होता. त्यांनी कॅलिब्रेशन दोनदा केले, तरी फरक पडला नाही, कारण पॅनेल बरोबरच होते. विंडोज एक्स्टेंड मोडमध्ये, म्हणजे लॅपटॉप आणि पॅनेल हे दोन वेगळे पडदे धरून चालत होते आणि टच कोणत्या पडद्याचा, हे त्याने चुकीचे धरले होते. अशा वेळी Windows + R दाबून पुढील आज्ञा द्यावी:

```
multidigimon -touch
```

यानंतर एका पडद्यावर स्पर्श करण्याची सूचना येते. ती लॅपटॉपच्या पडद्यावर आली, तर एंटर दाबून पुढे जावे. पॅनेलवर आली, की तिथेच बोट टेकवावे. दोन्हीकडे एकच चित्र चालणार असेल, तर Windows + P दाबून Duplicate निवडले तरी प्रश्न सुटतो.

बोट एका जागी आणि खूण दोन बोटे बाजूला, अशी तक्रार असेल, तर कॅलिब्रेशनआधी चित्र पॅनेलच्या कडांपर्यंत पोचते का ते पाहावे. चारी बाजूंना काळी पट्टी असेल किंवा कडा कापल्या जात असतील, तर रिझोल्यूशन आणि पॅनेलचा चित्र-आकार आधी दुरुस्त करावा.

पेनबाबतचा गैरसमज तर लिहिलेले सगळे घालवतो. पॅनेलच्या स्वतःच्या पेन मोडमधील रेघ स्लाइडवर नसते, चित्राच्या वरच्या थरावर असते. पुढची स्लाइड आली, तरी ती तिथेच राहते आणि फाइलमध्ये साठवली जात नाही. पॉवरपॉइंटच्या स्लाइड शोमध्ये Ctrl + P दाबून त्याचे पेन घ्यावे, बाहेर पडताना Keep निवडावे, म्हणजे आकृतीवरचे कोन दुसऱ्या दिवशीही जागेवर सापडतात. Ctrl + A दाबल्यावर पुन्हा बाण मिळतो.

कोणी हात न लावता ठिपके उमटू लागले, तर चौकट तपासावी. बऱ्याच पॅनेलांत टच ओळखणारे इन्फ्रारेड किरण काचेलगत फिरतात. कडेला साठलेली खडूची धूळ किंवा खिडकीतून थेट पडणारे ऊन त्यांना बोटासारखेच वाटते. पॅनेल बंद करून कोरड्या मऊ कापडाने कडा पुसावी आणि खिडकीचा पडदा ओढावा.