इन्स्टंट ग्लू कुठे टिकतो आणि कुठे दगा देतो

मिरजेत तंतुवाद्यांच्या दुरुस्तीचे काम शिकायला येणारी मुले सोबत हमखास इन्स्टंट ग्लूची ट्यूब आणतात आणि निखळलेली प्रत्येक गोष्ट तिनेच चिकटवू पाहतात. या कामात ती जरूर उपयोगी आहे. मात्र तिची जागा ठरलेली आहे.

हा ग्लू हवेने वाळत नाही. चिकटवायच्या पृष्ठभागावर असलेल्या दमटपणाच्या सूक्ष्म थरामुळे त्याचे काही सेकंदांत कठीण प्लास्टिक बनते. त्यामुळे दोन पृष्ठभाग एकमेकांना घट्ट भिडत असतील आणि मधला थर अगदी पातळ असेल, तरच तो खरी पकड घेतो. तारांना आधार देणाऱ्या तारगहनाच्या हाडाचा कोपरा उडाला आणि तो तुकडा हाती असला, तर मी हाच ग्लू वापरतो. दोन्ही बाजूंचे तेल व धूळ साफ करावी, तुकडा आधी कोरडाच बसवून पाहावा, मग एकाच बाजूला लहानसा थेंब लावून अर्धा मिनिट न हलवता दाबून धरावे. सांधा लगेच धरल्यासारखा वाटतो, पण पूर्ण ताकद यायला २४ तास लागतात. तोपर्यंत तार चढवू नये.

आता दांडी आणि भोपळ्याचा सांधा घ्या. तिथे तारांचा ताण अहोरात्र असतो, लाकूड ऋतूप्रमाणे फुगते व आकसते, आणि उघडलेल्या सांध्यात फटही असते. जमलेला ग्लू सरळ ओढ बऱ्यापैकी सोसतो, परंतु त्याला लवचीकपणा नसल्याने धक्का बसला किंवा कडेकडून सोलल्यासारखा जोर आला, की तो काचेसारखा तडकतो. फट भरण्यासाठी जास्त ग्लू ओतला, तर आतला भाग उशिरा जमतो आणि सांधा उलट कमजोर होतो. तिथे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून बनवलेला सरसच हवा, कारण उष्णता व ओलावा देऊन तो पुढे कधीही सोडवता येतो. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकवर तर हा ग्लू मुळात धरतच नाही.

हा ग्लू वापरल्यावर सांध्याभोवती कधी कधी पांढरेपणा दिसतो, त्याचे कारणही जास्तीच्या ग्लूमध्येच आहे. सांध्याबाहेर आलेला, न जमलेला ग्लू वाफ होऊन उडतो, हवेतल्या दमटपणाने जमतो आणि आसपास पांढरी भुकटी होऊन बसतो. काळपट लाखेच्या पॉलिशवर ती लगेच डोळ्यांत भरते. ही भुकटी वरवरची असते, म्हणून आधी मऊ कोरड्या फडक्याने पुसून पाहावी. ॲसिटोन घेतला तर डागाबरोबर पॉलिशही निघते. थेंब लहान ठेवला आणि सांध्यावरून पंख्याची हलकी हवा खेळती ठेवली, तर वाफ तिथे साचत नाही. सांडलेला ग्लू सुती चिंधीने मात्र टिपू नये, कारण सुताशी त्याची प्रक्रिया इतकी जलद होते की बोटे भाजू शकतात.