अर्धवट परतावा घेताना या चुका टाळा: ‘प्रस्ताव मान्य’ हे दोन शब्द लिहिण्याआधी

बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी ओळखीपाळखीच्या लोकांना तक्रारीची पत्रं लिहून देते. क्लासची फी, सहलीचे पैसे, हॉलची अनामत, फर्निचरचा ॲडव्हान्स अशी प्रकरणं असतात. समोरचा शेवटी नमतं घेतो आणि म्हणतो, ‘सगळे नाही, पण एवढे परत देतो.’ माणसं सर्वात जास्त नुकसान करून घेतात ती नेमकी इथे. महिनोन्‌महिने भांडलेला माणूस पैसे समोर दिसताच घाई करतो आणि उरलेल्या रकमेवर स्वतःच पाणी सोडतो. मग माझ्याकडे येऊन विचारतो, ‘आता काही करता येईल का हो?’

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे आधी पैसे घ्यायचे आणि नंतर निषेध नोंदवायचा.

आमच्या सोसायटीतल्या एका ताईंची गोष्ट सांगते. मुलाचा क्लास मध्येच सोडावा लागला. क्लासवाल्यांनी बऱ्याच पत्रापत्रीनंतर अर्ध्याहून कमी रकमेचा धनादेश पाठवला. सोबतच्या पत्रात एक ओळ होती: ‘हा धनादेश आपल्या संपूर्ण मागणीपोटी अंतिम तडजोड म्हणून पाठवत आहोत. मान्य नसल्यास तो परत करावा.’ ताईंनी शुक्रवारी धनादेश बँकेत भरला आणि तो वटला. नवव्या दिवशी त्यांनी तीन पानी पत्र धाडलं की ही रक्कम मला मान्य नाही, उरलेले पैसे द्या. पत्र उत्तम होतं, मुद्दे खरे होते. पण ग्राहक आयोगात क्लासच्या वकिलांनी दोनच कागद पुढे ठेवले, स्वतःचं पत्र आणि धनादेश वटल्याची तारीख. ताईंची तक्रार तिथेच अडली. माझ्याकडे त्या पहिल्याच शुक्रवारी आल्या असत्या, तर मी त्यांना धनादेश कपाटात ठेवायला लावला असता.

यामागचा कायदा समजून घ्या. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ८ सांगतं की प्रस्तावासोबत आलेला मोबदला घेणं म्हणजे प्रस्ताव स्वीकारणं. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘भगवती प्रसाद पवन कुमार’ प्रकरणात हाच मुद्दा तपासला. रेल्वेने मालाच्या नुकसानीच्या दाव्यापोटी कमी रकमेचे धनादेश पाठवले होते आणि पत्रात लिहिलं होतं की मान्य नसेल तर ते परत करा. व्यापाऱ्याने ते वटवले आणि नंतर उरलेली रक्कम मागितली. न्यायालयाने हा स्वीकारच धरला. धनादेश वटवला की प्रत्येक वेळी आपोआप स्वीकार होतो, असं मात्र न्यायालय म्हणालं नाही. वटवण्याआधीच नकार कळवला असता, तर स्वीकार झाला नाही असा युक्तिवाद करता आला असता. सगळा फरक क्रमाचा आहे. पत्र आधी, पैसे नंतर.

त्याच कायद्याचं कलम ६३ आणखी कडक आहे. त्यातलं उदाहरणच बघा: पाच हजार रुपये देणं असलेल्याने दोन हजार दिले आणि घेणाऱ्याने ते संपूर्ण देण्यापोटी स्वीकारले, तर सगळं देणं फिटलं. उरलेल्या तीन हजारांची माफी मिळायला वेगळा मोबदला लागत नाही. ‘कमी घेतले म्हणून काय, मूळ देणं तर होतंच ना’ असं म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण दोनदा वाचावं.

दुसरी चूक शब्दांची आहे, आणि तिच्यावर माझा विशेष राग आहे. लोक लिहितात, ‘आपला प्रस्ताव मान्य आहे, हक्क राखून.’ प्रस्तावातच ‘अंतिम तडजोड’ लिहिलेलं असेल, तर तो मान्य केल्यावर राखायला उरतं काय? प्रस्ताव स्वीकारणं आणि रक्कम स्वीकारणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पत्रात फक्त रक्कम घ्या आणि अट नाकारा, तेही एकाच दमात.

नुकतंच एका भाचीला असं पत्र लिहून दिलं. मॉड्युलर किचनचं ३,२०,००० रुपयांचं काम ठरलं होतं. तिने १,९२,००० ॲडव्हान्स दिला. कारागीर एकदाच येऊन मापं घेऊन गेला, पुढे काहीच हललं नाही. शेवटी तिने काम रद्द केलं. दुकानदाराने ‘डिझाइन व रद्द आकार’ म्हणून ७२,००० कापून १,२०,००० परत देऊ केले. सोबत एक फॉर्म होता. त्यात बँकेचा तपशील भरायचा आणि खाली ‘माझी कोणतीही मागणी शिल्लक नाही’ या ओळीखाली सही करायची. भाची सही करून मोकळी होणार होती. फॉर्म बाजूला ठेवून आम्ही हे लिहिलं:

‘आपले पत्र मिळाले. आपण देऊ केलेले १,२०,००० रुपये माझ्या १,९२,००० रुपयांच्या येण्यापैकी काही भाग म्हणून घेण्यास मी तयार आहे. उरलेल्या ७२,००० रुपयांची कपात मला मान्य नाही. ती रक्कम व तीवरील व्याज मागण्याचा माझा हक्क मी राखून ठेवत आहे. “संपूर्ण व अंतिम तडजोड” ही आपली अट मी स्वीकारलेली नाही. या अटीशिवाय रक्कम देणार असाल तरच ती माझ्या खात्यात जमा करावी. हे पत्र मिळाल्यानंतर जमा केलेली रक्कम अंशतः परतावा म्हणूनच धरली जाईल.’

एवढंच. कुठेही राग नाही, इतिहास नाही. तिन्ही आकडे आहेत: एकूण येणं, मिळणारी रक्कम आणि राहिलेली रक्कम. नुसतं ‘उर्वरित रक्कम’ लिहिलं की पुढे वाद होतो, उर्वरित म्हणजे किती? कपातीला समोरच्याने दिलेलं कारण वेगळ्या ओळीत नाकारलं, तर आणखी चांगलं. इथे आम्ही जोडलं की डिझाइनचं वेगळं शुल्क कोटेशनमध्ये कुठेच नव्हतं.

पत्र ईमेलने पाठवलं आणि त्याच दिवशी स्पीड पोस्टनेही. पोचल्याची नोंद छापून फाइलला लावली. मग आम्ही थांबलो, आणि नवख्यांना जमत नाही ते हेच. तिसऱ्या दिवसापासून भाचीचे फोन सुरू झाले, ‘मावशी, पैसे घेऊन टाकू का? अडकले तर?’ मी म्हटलं, फॉर्मवर सही न करता ते द्यायला तयार होतात का ते बघू. आठवड्याने दुकानदाराचा मेल आला की फॉर्म नको, फक्त खाते क्रमांक कळवा. तो मेलही जपून ठेवला, कारण पत्र वाचून त्याने अटीशिवाय पैसे दिले हे त्यातून दिसतं.

पण प्रत्येक जण असा ऐकत नाही. समोरचा ठामपणे म्हणाला की ‘अंतिम म्हणून घ्या, नाहीतर काहीच नाही’, तर मात्र पैसे घेऊन ‘निषेध नोंदवून’ असं लिहिण्याची चलाखी करू नका. अट समजून, लेखी नकार ऐकून, तरीही पैसे उचलले तर ताईंसारखंच होऊ शकतं. तेव्हा हिशेब मांडायचा. हातात येणारे १,२०,००० आणि अडकणारे ७२,००० यांतलं काय महत्त्वाचं? जिल्हा ग्राहक आयोगात मोबदल्यापोटी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही, पण वेळ जातो. कुणाला आजारपणासाठी पैसे लागत असतील तर तडजोड घेण्यात गैर काही नाही. फक्त ती समजून घ्या, फसून नको.

धनादेश नाही, थेट खात्यात पैसे टाकले तर? हल्ली हेच होतं. सकाळी मेसेज येतो की रक्कम जमा केली, ही अंतिम समजावी. पैसे तर परतवता येत नाहीत. अशा वेळी मी त्याच दिवशी, शक्यतो तासाभरात ईमेल करायला सांगते: रक्कम मला न विचारता जमा झाली आहे, अंतिम तडजोड म्हणून ती मी स्वीकारलेली नाही, ती अंशतः परतावा म्हणून धरते, आणि आपणास हे मान्य नसल्यास परत पाठवण्यासाठी खाते क्रमांक कळवावा. शेवटचं वाक्य सोडू नका. ते लिहिणारा माणूस पैसे गिळून बसलाय असं कुणी म्हणू शकत नाही. आणि उत्तर येईपर्यंत त्या पैशांना हात लावू नका.

व्हॉट्सॲपवर ‘ओके सर, थँक्यू’ पाठवू नका. अंगठाही नको. समोरचा स्क्रीनशॉट काढून ठेवतो.

दुकानात जाऊन पैसे घ्यायचे असतील तर त्यांच्या छापील पावतीवर, रेव्हेन्यू तिकिटावर सही करण्याआधी प्रत्येक ओळ वाचा. ‘फुल अँड फायनल’ दिसलं की ते खोडून, बाजूला स्वतःच्या हाताने लिहा: ‘फक्त १,२०,००० रुपये पोचले, ७२,००० येणे बाकी’, आणि दोन्हीकडे सही करा. पावती हातातून सोडण्याआधी फोटो काढा. ते खोडू देत नसतील तर पैसे न घेता परत या. काउंटरवरच्या माणसाची घाई ही तुमची अडचण नाही.

पत्राच्या डोक्यावर ‘विदाउट प्रेज्युडिस’ लिहिण्याची फॅशन झाली आहे. तो शिक्का तडजोडीच्या बोलण्यातली कबुली आपल्याविरुद्ध वापरली जाऊ नये म्हणून असतो. हे पत्र तर आपल्याला उद्या आयोगापुढे दाखवायचं आहे. त्यावर असा शिक्का मारून समोरच्या वकिलाला हरकत घ्यायला जागा कशाला द्यायची? मराठीत सरळ ‘हक्क राखून’ लिहा आणि कोणता हक्क, किती रुपयांचा, ते सांगा.

सही आधीच होऊन गेली असेल तर? दार अगदी बंद नाही. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विम्याच्या ‘अजमेर सिंग कॉटन’ प्रकरणात म्हटलं की नुसत्या डिस्चार्ज व्हाउचरवरच्या सहीने ग्राहकाचा दावा बुडत नाही. पण सही फसवणुकीने, चुकीची माहिती देऊन, दडपणाखाली किंवा तशाच प्रकारे घेतली गेली, हे ग्राहकाने दाखवायला हवं. ‘नंतर वाटलं की कमी घेतले’ हे कारण चालत नाही. दडपण होतं तर ते लगेच, लेखी कळवलेलं हवं. सहा महिन्यांनी आठवलेल्या दडपणावर विश्वास बसणं कठीण.

आणि मुदत. ग्राहक तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षं मिळतात. हक्क राखून ठेवला म्हणजे घड्याळ थांबलं असं नाही, आणि ‘बघतो, करतो’ अशा बोलण्यांनीही ते थांबत नाही. भाचीच्या फाइलच्या पहिल्या पानावर मी काम रद्द केल्याची तारीख लाल शाईने लिहिली आहे, आणि तिच्याखाली, बरोबर अठरा महिन्यांवर, दुसरी तारीख. तोवर ७२,००० आले नाहीत तर त्या दिवशी आम्ही तक्रार दाखल करणार आहोत.