केसगळतीच्या गोळ्या घेण्याआधी रक्त कसं तपासावं

माझी भाची नागपुरात धरमपेठला राहते, वय 26. डिसेंबरात तिने कंगवा माझ्यासमोर धरला. मुठीत मावेल एवढा गुंता होता. "मावशी, दोन महिन्यांपासून बायोटिन घेतेय, तरी थांबत नाही." घरातल्या सगळ्यांनी शॅम्पू बदलायला सांगितलं होतं. तिला सप्टेंबरात डेंग्यू झाला होता, पण तो कुणालाच आठवला नाही.

म्हणून सुरुवात आठवण्यापासून करा. केस गळायला लागले त्याच्या दोन-तीन महिने मागे काय झालं होतं? मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन, उपाशी राहून झपाट्याने कमी केलेलं वजन. अशा धक्क्याने पुष्कळ केस एकदमच विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. कारण एवढंच असेल तर गळती बहुधा सहा महिन्यांत आपोआप ओसरते. पण पाळीत खूप रक्त जात असेल, जेवणात डाळ-भाजी कमी असेल, थकवा सतत असेल, तर शरीरात काहीतरी कमी पडतंय का हे बघायलाच हवं.

आता महत्त्वाची गोष्ट. रक्त द्यायला जाण्याआधी बायोटिन बंद करा. आपली रोजची गरज साधारण 30 मायक्रोग्रॅम असते आणि केसांच्या गोळ्यांत बहुतेकदा 5,000 ते 10,000 मायक्रोग्रॅम असतं. बऱ्याच लॅबमधल्या थायरॉइडच्या तपासणीत बायोटिनचाच वापर केलेला असतो, त्यामुळे रक्तातलं जास्तीचं बायोटिन यंत्राची फसगत करतं. टीएसएच खोटं कमी दिसतं, टी३ आणि टी४ खोटे वाढलेले. भाचीचं नेमकं तेच झालं. टीएसएच 0.2 आलं आणि थायरॉइड वाढल्याचं सांगण्यात आलं. पण ना तिचे हात थरथरत होते, ना छाती धडधडत होती, ना वजन उतरलं होतं. दुसऱ्या डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवून आधी विचारलं, "कोणत्या गोळ्या घेतेस?" आठवडाभर बायोटिन बंद ठेवून पुन्हा रक्त दिलं तेव्हा टीएसएच 2.4 आलं, म्हणजे अगदी ठीक. मात्रा मोठी असेल तर तुम्हीही आठवडाभर थांबा आणि लॅबमध्ये तसं सांगून ठेवा.

फेरिटिन मागताना ते नाव घेऊनच मागा, कारण साध्या रक्त तपासणीत ते नसतं. हिमोग्लोबिन म्हणजे रोजच्या वापरातलं लोह आणि फेरिटिन म्हणजे कोठारातलं. कोठार रिकामं होत असतानाही हिमोग्लोबिन बराच काळ टिकून राहतं. भाचीचं हिमोग्लोबिन 12.1 होतं आणि फेरिटिन फक्त 11. काही लॅबच्या कागदावर 11 सुद्धा नॉर्मलच्या रकान्यात बसतं, म्हणून नुसता रकाना पाहू नका. 30 च्या खाली असेल तर डॉक्टरांशी बोला. आणि ताप किंवा संसर्ग असताना फेरिटिन खोटं वाढतं. डेंग्यूत तर फारच. तेव्हा तापातून उठल्यावर महिनाभराने तपासा.

विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पुष्कळ आहे. घरात कुणाला असेल तर लोहाची गोळी स्वतःच्या मनाने मुळीच सुरू करू नका. वारंवार रक्त चढवलेल्यांच्या शरीरात लोह आधीच जास्त साठलेलं असू शकतं.

व्हिटॅमिन डीसाठी '२५ हायड्रॉक्सी' ही तपासणी करतात. नागपुरात एवढं ऊन असताना डी कसं कमी होईल, असं वाटतं. पण मे महिन्यात दुपारी बाहेर पडणारी मुलगी स्कार्फ, हातमोजे, गॉगल घालून गाडीवर बसते. ऊन अंगाला लागणार कुठे? 20 च्या खाली असेल तर डॉक्टर सहसा 60,000 युनिटची पुडी किंवा गोळी आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडे देतात. ती कुणी चुकून रोज घेतं, मग मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठता होते, रक्तातलं कॅल्शियम वाढतं. पुडीवर तारीख लिहून ठेवा. केसांशी डीचा संबंध लोहाइतका ठाम नाही, पण कमतरता भरून काढणं हाडांसाठी गरजेचंच आहे.

भाचीला डॉक्टरांनी लोहाची गोळी एक दिवसाआड दिली. ती संत्र्याच्या रसासोबत घ्यायची आणि चहा तासभर पुढे ढकलायचा, कारण चहा लोह शोषू देत नाही. शौचाला काळं होतं, त्याने घाबरू नये. थायरॉइडची गोळी चालू असेल तर दोन्हींत चार तासांचं अंतर ठेवा.

तीन महिन्यांनी फेरिटिन 38 झालं. कंगव्यातले केस लगेच कमी झाले नाहीत, पण कपाळाच्या कडेला बोटभर उंचीचे उभे राहिलेले नवे केस आधी दिसले. मात्र तुमच्या डोक्यावर पैशाएवढा गोल चट्टा पडला असेल, भांग रुंद होत चालला असेल किंवा टाळूला खाज आणि पापुद्रे असतील, तर रिपोर्टची वाट न पाहता त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. नागपुरात मेडिकल आणि मेयो, दोन्ही सरकारी रुग्णालयांत ओपीडी आहे.