थर्मामीटर बोलतो, पण किती? वस्तूच्या आवाजातली कविता कशी लिहावी

सर्जनशील लेखनाच्या वर्गात ‘एखाद्या वस्तूच्या आवाजात कविता लिहा’ असं सांगितलं की पहिल्या दहा मिनिटांत निम्म्या वह्यांत एकच वाक्य उतरतं : ‘मी खुर्ची बोलतेय.’ शाळेतल्या आत्मवृत्ताच्या निबंधाची ही सवय हाडीमाशी मुरलेली असते. खुर्ची कुठे जन्मली, कुणाच्या घरी आली, तिने काय काय पाहिलं आणि आता ती अडगळीत कशी पडली आहे. निबंधाला हे चालतं. पर्सोना कवितेत, म्हणजे कवी स्वतःला बाजूला ठेवून दुसऱ्या कुणाच्या तोंडून बोलतो त्या कवितेत, याच सवयीमुळे कविता फसते. कारण आत्मवृत्तातल्या खुर्चीला सगळंच ठाऊक असतं. कवितेतली खुर्ची कामाची ठरते ती तिला काय ठाऊक नाही यामुळे.

इथे काचेचा, पाऱ्याचा थर्मामीटर घेऊन अशी एक कविता सुरुवातीपासून शेवटापर्यंत करून पाहू.

वस्तू निवडणं

हातात मावेल, माणसाच्या अंगाला लागेल आणि एकच काम नेमकं करेल अशी वस्तू घ्यावी. आरसा, घड्याळ, पणती, जुना वाडा हे शक्यतो टाळावं. त्यांच्यावर आधीच इतके अर्थ चढलेले आहेत की तुमच्या ओळींना जागा उरत नाही. पिन, बिजागरी, शिवणाचं टोपण, नळाची चावी यांच्यावर कुणी फारसं लिहिलेलं नसतं, म्हणून त्या बऱ्या.

वर्गात पाऱ्याचा थर्मामीटर हातोहात फिरवू नका. फुटला तर पारा गोळा करणं हा वेगळाच ताप. चित्र किंवा फोटो पुरतो.

पंधरा मिनिटं नुसतं पाहणं

एक पान घ्या आणि वस्तूबद्दलच्या पंधरा-वीस नोंदी करा. एकच अट : ‘सारखा’, ‘जणू’, ‘जसा’ हे शब्द वापरायचे नाहीत. उपमा फार लवकर आली की पाहणं तिथेच थांबतं. पहिल्या सात-आठ नोंदी कुणीही करेल अशा असतात. काच, लांब, नाजूक, आत पारा. खरा माल त्यानंतर हाती लागतो.

थर्मामीटरच्या नोंदींत पुढच्या चार सापडल्या की कविता जवळपास मिळालीच. अंगावर ३५ ते ४२ अंशांच्या खुणा असतात आणि दर अंशात बारीक रेघा. काच गोल नसते, तिला धार असते. ती भिंगासारखं काम करते, त्यामुळे पाऱ्याची रेघ एका ठरावीक कोनातच ठळक दिसते आणि वाचणारा ती बोटांत फिरवत बसतो. पाऱ्याच्या फुग्याच्या जरा वर नळी चिमटलेली असते. पारा तापून वर जाताना ती चिमटी ओलांडतो, पण थंड झाल्यावर तिथेच तुटतो आणि वरचा भाग वरच राहतो. म्हणून आकडा खाली आणायला झटकावं लागतं.

या शेवटच्या नोंदीवर थांबा. ही वस्तू गाठलेला सगळ्यात वरचा आकडा धरून ठेवते आणि तिला स्वतःहून तो सोडता येत नाही. यात एक शब्दही अलंकारिक नाही, नुसती रचना आहे. तरीही ऐकणाऱ्याच्या मनात काहीतरी हलतं. वस्तूच्या कवितेला अशी निदान एक गोष्ट लागते. ती सापडली नाही तर सरळ वस्तू बदलावी.

कुंपण घालणं

आता दुसरं पान. त्यावर वस्तूला काय कळतं आणि काय कळत नाही हे स्पष्ट लिहा. सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायचा.

थर्मामीटरला ऊब कळते, गारवा कळतो, ओल, दाब, झटका कळतो. स्वतःच्या अंगावरचे आकडे त्याला माहीत आहेत असं धरू. त्याला डोळे नाहीत, कान नाहीत. आजार, रात्र, काळजी, औषध, नाव यातलं काहीच त्याला ठाऊक नाही. ताप म्हणजे त्याच्या लेखी फक्त लांबी.

एक प्रश्न लगेच उभा राहतो. झटकल्यावर तो सगळंच विसरतो, की फक्त आकडा? हे विज्ञानात सापडणार नाही, कवीने ठरवायचं. आपण ठरवू की आकडा जातो, स्पर्श राहतो. काहीही ठरवा, पण एकदा ठरलं की शेवटच्या ओळीपर्यंत मोडायचं नाही.

कुंपणाचा उपयोग असा की वस्तूला जे कळत नाही ते वाचकाला कळतं. थर्मामीटरने ‘आई घाबरली’ म्हटलं तर वाचकाला करायला काही उरत नाही. ‘मला दुप्पट जोराने झटकलं’ म्हटलं की घाबरलेलं माणूस वाचक स्वतः उभं करतो.

कोणाशी, कधी

आयुष्यभराची कहाणी नको, एकच वेळ घ्या. आपण एक रात्र घेऊ, ताप तिसऱ्यांदा मोजला जातोय. बोलणं कुणाशी? धरणाऱ्या हाताशी, ‘तू’ म्हणून.

मराठीत इथे एक अडचण येते. ‘तू थांबलीस’ म्हटलं की समोरची बाई आहे हे थर्मामीटरला ठाऊक असल्याचं आपण कबूल केलं. कुंपण मोडलं. उपाय व्याकरणातच आहे : ‘मला झटकलंस’, ‘मला धरून ठेवलंस’ अशा सकर्मक भूतकाळी क्रियापदांत करणाऱ्याचं लिंग उघड होत नाही. हीच युक्ती बोलणाऱ्या वस्तूलाही लागू पडते. कुलूप नपुंसकलिंगी, मग ते ‘मी आलो’ म्हणेल की ‘मी आले’? कानाला दोन्ही खटकतात. त्याऐवजी ‘मला कळलं’, ‘मी ऐकलं’, ‘माझ्यात फिरली’ अशी वाक्यं ठेवली की पेच सुटतो. थर्मामीटर पुल्लिंगी, त्याला ‘आलो’ बिनधास्त म्हणता येतं.

पहिला खर्डा आणि त्याचं काय चुकतं

पहिला खर्डा बहुधा असा उतरतो :

> मी थर्मामीटर, तापाचा सोबती.
> किती दुःखांचा मी मूक साक्षीदार!
> पारा चढतो तशी माझी काळजी चढते,
> पण माझी किंमत कुणाला?

पहिल्या ओळीत ओळख करून दिली आहे. ते काम शीर्षकाचं. दुसरी ओळ थर्मामीटर काढून तिथे खुर्ची, दिवा, उंबरा काहीही बसवून पाहा. तशीच चालते. अशी ओळ कापायची, कितीही आवडती असली तरी. तिसरीत कुंपणाबाहेरची काळजी आली, शिवाय ‘पारा चढणं’ हा वाक्प्रचार मराठीत रागाचा आहे, त्यामुळे वाचक भलत्याच वाटेला लागतो. चौथी ओळ आत्मवृत्ताची रड. थर्मामीटरच्या बाबतीत हा मोह जास्तच, कारण त्याला खरोखरच निवृत्त केलं गेलंय : २०१३ सालच्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय करारात पाऱ्याच्या थर्मामीटरचं उत्पादन आणि आयात-निर्यात २०२० नंतर थांबवायचं ठरलं. पण स्वतःची कीव करणारी वस्तू लगेच माणूस होते, आणि तीही कंटाळवाणी.

दुसरा खर्डा

खर्डा लिहिण्याआधी वस्तूची स्वतःची क्रियापदं काढून ठेवा. इथे : झटकणं, थांबणं, लांब होणं, उतरणं, फिरवणं. कविता शक्यतो यांच्यावरच चालवायची. विशेषणं दोन-तीन पुरतात. यमक नको, यमक जुळवताना वस्तू हमखास तिला न शोभणारा शब्द बोलते.

> थर्मामीटर, रात्री तिसऱ्यांदा
>
> झटकलंस ते बरं केलंस.
> आपोआप खाली येणं मला जमत नाही.
>
> पुन्हा तीच कोरडी जीभ.
> इथे मला काही करावं लागत नाही,
> फक्त लांब व्हावं लागतं.
> एकोणचाळीस, आणि वर दोन बारीक रेघा.
>
> बाहेर गारव्यात आणलंस, बोटांत फिरवलंस.
> एका कोनात मी असतो,
> बाकीच्या कोनांत नुसती काच.
> त्या एका कोनात बराच वेळ धरून ठेवलंस.
> गारव्यातही मी उतरलो नाही.
>
> मग झटकलंस, दुप्पट जोराने,
> आणि आता जीभ वेगळी होती, ओली.
> सदतीस. तिथे थांबलो.
> मला वाटलं, संपलं.
>
> लगेच परत त्या कोरड्या जिभेखाली.
> मध्ये झटकलं नाहीस.
> गरजही नव्हती,
> वर जायला मला झटका लागत नाही.

रात्र आणि ‘तिसऱ्यांदा’ हे दोन्ही थर्मामीटरला ठाऊक असायचं कारण नाही, म्हणून ते शीर्षकात आहेत. शीर्षक कवीचं असतं, तिथे कुंपण लागू होत नाही. वस्तूचं नावही तिथेच आलं, त्यामुळे कवितेचं कोडं होत नाही. ‘ओळखा मी कोण’ हा खेळ सुरू झाला की वाचकाचं लक्ष उत्तराकडे जातं आणि ओळी वाया जातात.

मधल्या कडव्यात आधी ‘दिव्याशी नेलंस’ असं सुचू शकतं. पण डोळे नसलेल्याला दिवा कुठला? ‘गारव्यात आणलंस’ कुंपणात बसतं आणि चिमटलेल्या नळीची नोंदही तिथेच वापरता येते. चौथ्या कडव्यात धरणाऱ्याने थर्मामीटर स्वतःच्या तोंडात घातला, तो बिघडला तर नाही ना हे पाहायला. कविता हे सांगत नाही. थर्मामीटरला वाटतं, संपलं. शेवटचा आकडाही दिलेला नाही. सदतीसवरून पुढे जाताना खरंच झटकावं लागत नाही, त्यामुळे शेवट वस्तूच्या रचनेतूनच येतो आणि वरून भाष्य चिकटवावं लागत नाही.

तपासणी

प्रत्येक ओळीसमोर पेन्सिलने लिहा, ‘हे याला कसं कळलं?’ उत्तर देता आलं नाही तर ओळ बदला. मग दुसऱ्याच कुणाला तरी कविता मोठ्याने वाचायला लावा. लिहिणारा स्वतः वाचताना नसलेल्या जागाही आवाजाने भरून काढतो. वाचून झाल्यावर ऐकणाऱ्यांना ‘आवडली का’ असं विचारू नका. ‘खोलीत किती माणसं आहेत, आणि त्यांतलं कोण जागं आहे?’ असं विचारा. या कवितेला बहुतेकांचं उत्तर ‘दोन, आणि त्यांतलं एक नक्की जागं’ असं यायला हवं. तीन-चार जणांना दुसरी जीभ कुणाची हे कळलं नाही, तर चौथ्या कडव्यात स्पर्शाची आणखी एक खूण द्या, उदाहरणार्थ दातांचा दाब. नातं सांगणारा शब्द मात्र घालू नका.