करारनाम्यात तारीख चुकली तर घरमालकाला कसं सांगायचं

विदर्भात बदलीवर नवीन आलेल्यांसाठी लिहितोय. मी मूळचा साताऱ्याकडचा, पण आता इथल्या तालुक्याच्या गावात मुरलोय. इथं घर लवकर मिळतं, माणसं चांगली आहेत, फक्त करारनामा बहुतेक वेळा टायपिंगवाल्याकडं जुन्या भाडेकरूच्याच फाईलवर नवीन नाव टाकून बनतो आणि घोळ तिथंच होतो.

परवा आमच्या शाळेत रुजू झालेल्या एका सरांचंच बघा. राहायला आले 1 जुलैला आणि ड्राफ्टमध्ये मुदत 1 जून ते 30 एप्रिल. अकरा महिने बरोबर भरतात म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, पण कागदावर जूनचं भाडं त्यांच्या अंगावर आणि घर महिनाभर आधी खाली करायचं. पायजे होतं 1 जुलै ते 31 मे. वर वडिलांचं नाव आधारवर ज्ञानेश्वर आणि करारात ज्ञानदेव, म्हणजे ऑनलाईन नोंदणीत आधारशी जुळवताना तिथं अडायची शक्यता.

ते म्हणाले मालकाला राग येईल. अहो, राग कशाचा, चूक टायपिंगवाल्याची आहे, तसंच सांगा. इथं मालकाला काकाजी म्हणायची पद्धत आहे, त्यांना सरांनी व्हॉट्सअॅपवर असं टाकलं: "नमस्कार काकाजी, ड्राफ्ट वाचला. मुदतीत 1 जून पडलंय, मी 1 जुलैला आलो, तर 1 जुलै ते 31 मे करायला सांगता का? वडिलांचं नाव आधारप्रमाणे ज्ञानेश्वर हवं. आधारचा फोटो पाठवतो. बाकी सगळं ठीक." काकाजींचं उत्तर आलं, "काही होत नाही न बावा, सही करून टाका." इथं बरेचजण गप्प बसतात. सरांनी फोन केला, म्हणाले काकाजी, पुढं तुम्हालाच त्रास होईल, नोंदणी करायची जबाबदारी कायद्यानं मालकाची असते. भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55. मग काकाजी स्वतःच टायपिंगवाल्याकडं गेले.

दुरुस्त होऊन आलं की परत पूर्ण वाचा, कारण एका जागी बदलतात आणि दुसरीकडं तसंच राहतं. तारीख मुदतीच्या कलमात असते, भाडं कधीपासून द्यायचं तिथंही असते, आणि नाव पहिल्या पानावर, सहीखाली सगळीकडं. मालकाचं नाव पण ग्रामपंचायतीच्या नमुना 8 शी ताडून बघा, घर अजून वारलेल्या वडिलांच्या नावावर असणं इथं लई कॉमन आहे.

हे सगळं अंगठा लागायच्या आधी. ड्राफ्टमध्ये बदल म्हणजे पाच मिनिटाचं टायपिंग, पण एकदा नोंदणी झाली की चूक दुरुस्ती पत्र करायला लागतं, त्याला परत दोघांनी सही-अंगठ्याला जायचं. आणि व्हाईटनर लावून किंवा पेनानं खोडून दिलेली प्रत घेऊ नका, नवीन प्रिंट मागा.