सीसी लिमिटच्या रिन्यूअलला जाण्याआधी: फौंड्रीवाल्यांनी कॅश सायकल कशी काढून ठेवायची

शिरोली, गोकुळ शिरगावच्या बऱ्याच फौंड्रीवाल्यांना हा प्रश्न पडतो की धंदा चालू आहे, ऑर्डर आहेत, बॅलन्सशीटला नफापण दिसतोय, मग पगाराच्या तारखेला सीसी खातं लिमिटला टेकलेलं का असतं. त्याचं उत्तर कॅश कन्व्हर्जन सायकलमध्ये असतं, म्हणजे भंगार, पिग आयर्नला दिलेला पैसा कास्टिंग विकून परत खात्यात यायला किती दिवस लागतात ते. बँकेत जायच्या आधी हा आकडा स्वतः काढून ठेवा.

आधी टॅलीतनं तीन गोष्टी काढा: स्टॉक, येणी, देणी. फक्त 31 मार्चची बाकी घेऊ नका, कारण मार्चमध्ये सगळे बिलं फाडतात आणि स्टॉक रिकामा करतात, त्या दिवसाचं चित्र वर्षभराचं नसतं. बाराही महिन्यांच्या शेवटच्या बाकीची सरासरी घ्या. स्टॉक म्हणजे नुसता कच्चा माल नाही हं, फेटलिंगला पडलेलं, मशिनिंगला बाहेर जॉबवर्कला गेलेलं कास्टिंगपण त्यातच, आणि बहुतेक वेळा खरा पैसा तिथंच अडकलेला असतो.

दुसरं, येणी आणि देणी यातनं जीएसटी बाजूला काढा. विक्री आपण जीएसटी सोडून धरतो पण पार्टीच्या खात्यावरची बाकी 18 टक्के जीएसटीसकट असते, तशीच भागली तर दिवस फुगून येतात.

आता एक उदाहरण घेऊ. वर्षाची विक्री 7 कोटी 30 लाख, म्हणजे रोजची 2 लाख. विकलेल्या मालाचा खर्च 5 कोटी 84 लाख, म्हणजे रोजचा 1 लाख 60 हजार. सरासरी स्टॉक 72 लाख, त्याला रोजच्या खर्चाने भागलं की 45 दिवस. येणी 1 कोटी 80 लाख, त्याला रोजच्या विक्रीने भागा, 90 दिवस. देणी 48 लाख, परत रोजच्या खर्चाने, 30 दिवस. 45 अधिक 90 वजा 30, सायकल 105 दिवसांची. (जीएसटी न काढता येणी 2 कोटी 12 लाख धरली असती तर 90 चे 106 दिवस दिसले असते.) रुपयात बघायचं तर 72 अधिक 180 वजा 48, म्हणजे 2 कोटी 4 लाख कायम अडकलेले. वर ग्राहकाकडनं यायच्या आधीच भरलेला जीएसटी वेगळा.

आता बँकेची बाजू बघा. छोट्या उद्योगाला 5 कोटींपर्यंतच्या लिमिटसाठी बँका साधारण नायक समितीची पद्धत लावतात: गरज विक्रीच्या 25 टक्के, त्यातले 20 टक्के बँक देणार, 5 टक्के आपले. 25 टक्के म्हणजे वर्षाचा चौथा भाग, म्हणजे सायकल साधारण तीन महिन्यांची हे त्यात धरूनच ठेवलंय. आपल्या उदाहरणात बँकेचे 1 कोटी 46 लाख आणि आपले साडेछत्तीस लाख, मिळून 1 कोटी साडेब्याऐंशी लाख. गरज 2 कोटी 4 लाखांची. साडेएकवीस लाख आजच कमी पडतात, आणि ते कुठनं येतात तर मालकाच्या खिशातनं नाहीतर महागड्या खाजगी कर्जातनं.

उद्या मोठ्या ग्राहकाने 90 चे 120 दिवस केले की सायकल 135 आणि रोजच्या 2 लाखाने 30 दिवसांचे आणखी 60 लाख अडकले, विक्री एक रुपयानं वाढलेली नसताना. व्याज 11 टक्के धरलं तर वर्षाला 6 लाख 60 हजार नफ्यातनं गेले, रेट ठरवताना हे कुणी धरत नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे 90 दिवसांवरची येणी बहुतेक बँका ड्रॉइंग पॉवरमधनं वगळतात, म्हणजे गरज वाढते त्याच महिन्यात उचलता येणारी रक्कम घटते. म्हणून स्टॉक स्टेटमेंटबरोबर येण्यांची वयवार यादी काढून 90 च्या वर काय सरकतंय ते दर महिन्याला बघा.

देणी लांबवून सायकल कमी करू असं वाटतं, पण त्याला मर्यादा आहे. माल बनवणारा सप्लायर सूक्ष्म किंवा लघु म्हणून नोंदलेला असेल तर लेखी करार असला तरी 45 दिवसांच्या आत द्यायचे, नाहीतर इन्कम टॅक्समध्ये तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिलेल्या वर्षीच मान्य होतो. हाच 45 दिवसांचा नियम आपल्या ग्राहकालापण लागू आहे, तरी पर्चेस ऑर्डरवर 90 लिहून येतं आणि ऑर्डर जाईल म्हणून छोटा माणूस गप्प बसतो, हे मला खरंच खटकतं.

त्यामुळं फाईलमध्ये शेवटी दोन कागद ठेवा. एकावर सायकलचे तिन्ही आकडे मागच्या दोन वर्षांसकट, म्हणजे लिमिट टर्नओव्हरवर न काढता प्रत्यक्ष सायकलवर काढा असं बँकेला आधारासकट सांगता येतं. दुसऱ्यावर कोणते ग्राहक ट्रेड्सवर, म्हणजे बिलं विकायच्या ऑनलाइन प्लॅटफॉर्मवर आहेत त्यांची नावं, कारण त्यांनी तिथं बिल मान्य केलं की फायनान्सर डिस्काउंट कापून थोड्या दिवसात पैसे देतो, आणि ग्राहकाने नंतर थकवलं तरी वसुली आपल्यावर येत नाही. मात्र तिथं विकलेलं बिल स्टॉक स्टेटमेंटमध्ये परत दाखवू नका.