यूपीआय पिन विसरलात? डेबिट कार्डावरून नवा लावताना या चुका टाळा

मागच्या महिन्यात मामांचा मंडईतून फोन आला. "अगं, भाजी पिशवीत भरून झालीये आणि हा पिन घेतच नाहीये. तीनदा टाकला." तिसऱ्यांदा चुकल्यावर बँकेने त्यांचा पिन लॉक केला होता. भाजीवाल्या मावशी ओळखीच्या, म्हणून पैसे उधार राहिले आणि भाजी घरी आली. संध्याकाळी मी सदाशिव पेठेत त्यांच्याकडे गेले आणि आम्ही नवा पिन लावायला बसलो. पंधरा मिनिटांचं काम दोन तास चाललं. वाटेत ज्या चुका झाल्या, त्या बहुतेक घरांत होतात, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

मी पोहोचेपर्यंत मामांनी दुसरं यूपीआय अ‍ॅप उतरवून घेतलं होतं. एका अ‍ॅपमध्ये अडलं तर दुसऱ्यात चालेल, असं त्यांना वाटलं. पण यूपीआय पिन अ‍ॅपचा नसतो, बँक खात्याचा असतो. एकच खातं तीन अ‍ॅपना जोडलं असेल तरी पिन एकच, आणि तो लॉक झाला की तिन्हीकडे अडणार. उलट एका अ‍ॅपमधून नवा पिन लावला की तोच सगळीकडे चालतो. म्हणून दोनदा चुकलं की तिसरा अंदाज करू नका, सरळ नवा पिन लावायला घ्या. लॉक झाला तर साधारण चोवीस तास थांबावं लागतं, पण नवा पिन लावला की बहुतेक बँकांत खातं लगेच सुरू होतं.

अ‍ॅपमध्ये आपल्या प्रोफाइलवर जाऊन बँक खातं उघडलं की दोन पर्याय दिसतात. `Change UPI PIN` हा जुना पिन आठवत असणाऱ्यांसाठी आहे, तो आधी जुना पिनच विचारतो. मामांनी तोच दाबला आणि पुन्हा अंदाज करायला लागले. विसरलेल्यांनी `Forgot UPI PIN` किंवा `Reset UPI PIN` दाबायचं.

कार्ड कोणतं, आकडे कोणते

पुढे डेबिट कार्डाचे शेवटचे सहा आकडे आणि कार्डाची मुदत विचारली जाते. मामांनी पाकिटातलं कार्ड काढलं, आकडे नीट भरले, तरी तपशील चुकीचा असल्याचा संदेश आला. कार्ड हातात घेऊन पाहिलं तर त्याची मुदत आदल्या महिन्यातच संपली होती. नवं कार्ड बँकेने पोस्टाने पाठवलं होतं, ते पाकीट न फोडता कपाटात पडून होतं. नव्या कार्डावर मुदत बदलते, बऱ्याचदा नंबरही बदलतो. काही कार्डांवर दोन तारखा छापलेल्या असतात, त्यातली `VALID THRU` किंवा `EXPIRES` लिहिलेली भरायची, आधी महिना, मग वर्षाचे शेवटचे दोन आकडे.

नव्या कार्डाचे आकडे भरले तरी नकारच. कारण ते कार्ड अजून सुरूच केलेलं नव्हतं. आम्ही कोपऱ्यावरच्या त्याच बँकेच्या एटीएमला गेलो, मोबाइलवर आलेल्या ओटीपीने कार्डाचा पिन तयार केला, शिल्लक बघून घेतली आणि परत आलो. आता तपशील चालले. कार्ड घरात आलं म्हणजे ते चालू झालं असं धरू नका. क्रेडिट कार्ड इथे चालत नाही, आणि ज्यांच्याकडे डेबिट कार्ड नाही त्यांना अनेक बँका आधारच्या ओटीपीवरून पिन लावू देतात. त्यासाठी आधारला आणि बँकेत एकच मोबाइल नंबर असावा लागतो.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. या कामात कार्डाचे सोळाच्या सोळा आकडे लागत नाहीत आणि मागचा सीव्हीव्हीही लागत नाही. कुठल्या पानावर किंवा फोनवर कुणी तो मागितला, किंवा स्क्रीन शेअर करणारं अ‍ॅप घ्यायला सांगितलं, की तिथेच थांबा. कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधू नका, कार्डाच्या मागे छापलेला वापरा. पैसे गेलेच तर लगेच 1930 वर फोन करा.

तीन चौकटींचा गोंधळ

कार्डाचे तपशील पटले की बँकेकडून ओटीपी येतो. तो बँकेत नोंदवलेल्या नंबरवरच येतो, म्हणून ते सिम त्याच फोनमध्ये आणि रेंजमध्ये हवं. मग पडद्यावर एकामागून एक आकडे मागितले जातात. आधी ओटीपी, काही बँकांत त्यानंतर एटीएमचा पिन, आणि शेवटी नवा यूपीआय पिन, तोही दोनदा. मामांनी एटीएम पिनच्या जागी नवा यूपीआय पिन टाकला आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. आकडे टाकण्याआधी चौकटीवरचा शब्द मोठ्याने वाचायचा, असं ठरवल्यावर पुढच्या खेपेला जमलं.

नवा पिन कोणता ठेवावा

मामांच्या बँकेचा पिन सहा आकडी आहे. त्यांचा पहिला पिन होता 411030, म्हणजे घराचा पिनकोड. कोथरूडमध्ये राहणाऱ्यांनी 411038 ठेवलेला मी पाहिला आहे. पुण्याचा सहा आकडी पिनकोड कुणालाही सहज सुचतो, आणि तो आधार कार्डावर, विजेच्या बिलावर छापलेला असतो. चार आकडी पिनवाले स्कूटरच्या एमएच 12 पुढचे चार आकडे ठेवतात, ते तर रस्त्यावर सगळ्यांना दिसतात. चार आकड्यांचे 10,000 पिन होऊ शकतात, पण दिवस आणि महिना धरून जन्मतारीख ठेवली की उरतात जेमतेम 366. शिवाय तुमची तारीख माहीत असलेल्याला एकच प्रयत्न पुरतो. 2580 हीसुद्धा कीपॅडवरची सरळ उभी ओळ आहे. एटीएमचाच पिन इथे ठेवणंही टाळा, एक कुणी पाहिला की दोन्ही गेले.

आम्ही पत्त्यांचा जोड काढला. एक्का ते दश्शी तेवढी पानं घेतली, दश्शी म्हणजे शून्य धरलं. पिसून एक पान काढायचं, आकडा बघायचा, पान परत घालून पुन्हा पिसायचं, असं सहा वेळा. आलेले आकडे दोन-दोनच्या जोड्यांत मामांनी मनातल्या मनात म्हटले. ते फोनमध्ये लिहून ठेवू नका, ‘बँक काका’ अशा नावाने नंबर म्हणून साठवलेलेही नकोत. फोन ज्याच्या हाती पडेल त्याला ते मिळतील. पाठ व्हावा म्हणून आठवडाभर सकाळ-संध्याकाळ अ‍ॅपमध्ये शिल्लक बघा. शिल्लक बघायलाही पिन लागतो, त्यामुळे एक पैसा न खर्चता सराव होतो.

उठताना मला मामांच्या फोनचं कव्हर दिसलं. पुस्तकासारखं उघडणारं, आणि नवं डेबिट कार्ड त्याच्याच कप्प्यात खोचलेलं. ज्या दोन गोष्टींवर आम्ही आत्ताच पिन बदलला, त्या दोन्ही गर्दीच्या बसमध्ये एकाच वेळी चोराच्या हाती जातील. ओटीपीही त्याच फोनवर येणार. त्यात फोनचं लॉक साधं असेल आणि बँक एटीएम पिन मागत नसेल, तर नवा पिन तोही लावू शकतो. मामांनी कार्ड काढून कपाटातल्या पाकिटात ठेवलं, आणि ओटीपीचा मजकूर बंद पडद्यावर दिसणार नाही अशी सोय मी सेटिंगमध्ये करून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मंडईत जाऊन त्यांनी मावशींचे पैसे चुकते केले, पिन पहिल्याच वेळी लागला.